पंच नसताना

एकाच मुलाची नोंद दोन फोनवर आहे आणि दोन्ही फोन नेटवर्कच्या बाहेर आहेत. सोमवारी एका फोनवरून त्या मुलाचं नाव देखरेखीच्या यादीतून काढलं जातं, कारण घराला कुलूप आहे आणि शेजारी सांगतात की कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत गेलं. मंगळवारी शेजारच्या डोंगरावरच्या पाड्यात दुसऱ्या कार्यकर्तीला तेच मूल मावशीच्या घरी दिसतं. ती त्याच्या दंडाला मोजपट्टी लावते आणि फोनमध्ये ११.२ सेंटिमीटर असं लिहिते. गुरुवारी आठवडी बाजारात दोघी भेटतात आणि त्यांचे फोन एकमेकांशी नोंदींची देवाणघेवाण करतात. आता ते मूल यादीत आहे की नाही?

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते मूल तीव्र कुपोषित धरतात. म्हणजे या प्रश्नाचं उत्तर चुकलं, तर त्या मुलाकडे पुढचे काही आठवडे कोणीही फिरकणार नाही. कारण कार्यकर्ती यादी बघूनच घरं ठरवते.

सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या काही पाड्यांवर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेसाठी आम्ही तिघांनी एक अ‍ॅप केलं. सात कार्यकर्त्या, सात साधे अँड्रॉइड फोन. नेटवर्क कुठल्या तरी एका कड्यावर, कुठल्या तरी एका झाडाखाली मिळतं. बाकी ठिकाणी नाही. सगळ्या सातजणी एकत्र फार क्वचित येतात. बाजारात दोघी-तिघी भेटतात, तेवढ्यात फोन जवळ आणून नोंदी जुळवून घ्यायच्या. एकीने दुसरीकडून घेतलेली बातमी ती पुढे तिसरीला देणार. मी हे लिहितोय ते त्या अ‍ॅपबद्दल कमी आणि त्याच्या पोटात जे गणित आहे त्याबद्दल जास्त. ते गणित काय देतं आणि काय देत नाही, हे मला या सात फोनांमुळे नीट कळलं.

एरवी अशा भांडणात एक पंच असतो. गुगल डॉक्समध्ये दोघांनी एकाच वाक्यात बदल केले, तर आधी कोणाचा आणि नंतर कोणाचा हा क्रम सर्व्हर लावतो आणि सगळ्यांना तो मान्य करावा लागतो. बँकेचंही तसंच. प्रोग्रामर वापरतात त्या गिटमध्ये पंच नाही, पण तिथे दोन बदल जुळले नाहीत तर गाडी थांबते आणि माणसाला विचारलं जातं. भर बाजारात, सामानाच्या पिशव्या सांभाळत असलेल्या बाईला 'यातली कोणती ओळ ठेवू?' असं चाळीस वेळा विचारणं शक्य नव्हतं. आणि सर्व्हर डोंगराखाली, तालुक्याच्या गावात.

२०११ साली मार्क शापिरो, नूनो प्रेगिसा, कार्लोस बाकेरो आणि मारेक झाविर्स्की यांनी एका शोधनिबंधात या प्रकारच्या प्रश्नांना एक पक्की चौकट दिली आणि तिला नाव दिलं कॉन्फ्लिक्ट-फ्री रेप्लिकेटेड डेटा टाइप्स, थोडक्यात सीआरडीटी. त्यांचं म्हणणं असं, की भांडण झाल्यावर ते कसं सोडवायचं हे शोधत बसू नका. माहिती मुळात अशा आकारात साठवा, की कोणत्याही दोन प्रती एकत्र केल्या तरी उत्तर एकच येईल. कोण कोणाला आधी भेटलं, किती वेळा भेटलं, मध्ये कोणाचा निरोप दोनदा आला, याने काही फरक पडता कामा नये.

हे ऐकायला जादूसारखं वाटतं, पण यातलं एक उदाहरण आपण सगळ्यांनी शाळेत केलेलं आहे. लसावि. ४ आणि ६ यांचा लसावि १२. ६ आणि ४ यांचाही १२. क्रमाने फरक पडत नाही. तीन संख्या असतील तर आधी कोणत्या दोन घ्याव्यात याने फरक पडत नाही. आणि १२ हाती आल्यावर पुन्हा कोणी ४ आणून दिला, तर १२ आणि ४ यांचा लसावि १२च. जुनी बातमी परत आली तरी ती निरुपद्रवी असते. बेरजेत पहिले दोन गुण आहेत, तिसरा नाही. तोच ४ दोनदा आला की बेरीज चुकते. सीआरडीटीला हे तिन्ही गुण लागतात: क्रम नको, गट नको, पुनरावृत्तीची भीती नको. दोन संख्यांपैकी मोठी निवडणं यात बसतं, दोन संचांचा संयोग यात बसतो, लसावि बसतो. सगळी कारागिरी ही, की आपल्याला हवी असलेली माहिती अशा एखाद्या क्रियेत बसवायची.

सोपी गोष्ट घेऊ. पौष्टिक आहाराची किती पाकिटं वाटली, याचा एकूण आकडा. तीन फोन धरू: अ, ब आणि क. अ ने सात वाटली, ब ने पाच. दोघींच्या फोनवर 'एकूण' नावाचा एकच आकडा असेल, तर भेटल्यावर ७ आणि ५ यांचं काय करायचं? मोठा घेतला तर ७, ब ची पाच हरवली. बेरीज केली तर १२, बरोबर. पण थोड्या वेळाने चहाच्या टपरीवर फोन पुन्हा जवळ आले, तर १२ आणि १२ मिळून २४.

मार्ग असा, की एक आकडा ठेवायचाच नाही. प्रत्येक फोनचा एकेक कप्पा ठेवायचा आणि आपल्या कप्प्यात फक्त आपणच लिहायचं. भेटल्यावर प्रत्येक कप्प्यातला मोठा आकडा घ्यायचा. बेरीज फक्त पडद्यावर दाखवण्यापुरती.

```
अ चा फोन          अ=७  ब=०  क=०
ब चा फोन          अ=०  ब=५  क=०
भेटीनंतर दोन्ही    अ=७  ब=५  क=०   (एकूण १२)
```

आता अ ने आणखी दोन पाकिटं वाटली, तिच्या कप्प्यात ९ झाले. तिकडे ब जाऊन क ला भेटली आणि अ चे ७ असं सांगून आली. ही बातमी जुनी आहे, पण नंतर क आणि अ भेटतील तेव्हा ७ आणि ९ यांतला ९ टिकेल. अ चा कप्पा फक्त अ लिहिते आणि तो फक्त वाढतो, त्यामुळे जुनी बातमी नव्या बातमीला कधीच हरवू शकत नाही. आणि चुकून सहाऐवजी सात लिहिले गेले तर? कप्पा कमी करता येत नाही, म्हणून 'परत' नावाची आणखी एक रांग ठेवायची आणि तिथे एक वाढवायचा. हिशेबनीस कीर्दीत खाडाखोड करत नाही, उलट नोंद टाकतो, तसंच हे.

मोजणी अशी सहज बसते. जिथे एका जागी एकच उत्तर हवं असतं, तिथे अवघड होतं. उदाहरणार्थ मुलाची जन्मतारीख. इथे सगळ्यात प्रचलित उपाय म्हणजे 'ज्याचं शेवटचं, त्याचं खरं'. प्रत्येक नोंदीवर वेळेचा शिक्का मारायचा आणि भेटल्यावर नंतरच्या वेळेची नोंद ठेवायची. दोन वेळांतली मोठी निवडायची, म्हणजे ते तीन गुण आपोआप आले. गणिताच्या दृष्टीने हा बिनचूक सीआरडीटी आहे.

फक्त वेळ कोणाची? नेटवर्क नसलेल्या फोनचं घड्याळ कोणी आपोआप दुरुस्त करत नाही. बॅटरी पूर्ण उतरून पडलेला एखादा स्वस्त फोन पुन्हा सुरू झाला, की भलत्याच जुन्या तारखेला जागा होतो. उलटही होतं. घरातलं पोर फोनवर खेळतं आणि खेळातलं पुढचं बक्षीस आजच मिळावं म्हणून तारीख महिनाभर पुढे करतं. त्या काळात त्या फोनवरून गेलेल्या नोंदींवर पुढच्या महिन्याचा शिक्का असतो. मग इतर सहा फोनांवर कोणीही जन्मतारीख दुरुस्त केली, तरी महिनाभर ती दुरुस्ती हरत राहते. याची खूण ओळखता येते. दुरुस्ती केली, जतन झाली, पडद्यावर बरोबर दिसली आणि बाजारातल्या भेटीनंतर जुनी तारीख परत आली. चुकीचा संदेश कुठेच येत नाही. कारण अ‍ॅपच्या मते काहीच चुकलेलं नाही.

याला लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ साली सुचवलेला एक साधा उपाय आहे. भिंतीवरचं घड्याळ बघूच नका, क्रमांक मोजा. प्रत्येक नव्या नोंदीचा क्रमांक म्हणजे आजवर पाहिलेला सगळ्यात मोठा क्रमांक अधिक एक. ज्या बाईने जुनी तारीख बघून ती दुरुस्त केली, तिचा क्रमांक आपोआप मोठा येतो आणि तिची दुरुस्ती टिकते. पोराने तारीख कितीही पुढे करो.

पण दोघींनी एकमेकींचं न बघताच लिहिलं असेल तर? दोघींचा क्रमांक सारखाही येऊ शकतो. मग फोनच्या ओळखक्रमांकावरून एक निवडायची. सातही फोन तीच निवडतात, एकमत होतं. पण हे एकमत नाणेफेकीचं आहे, एवढंच की नाणं सगळ्यांकडे सारखंच पडतं. दुसरीने लिहिलेलं कुठलाही आवाज न करता गेलं. माझ्या मते सीआरडीटीबद्दल सगळ्यात आधी समजून घ्यायची गोष्ट हीच. त्याचं वचन फक्त एवढंच आहे, की ज्यांच्यापर्यंत सगळ्या नोंदी पोचल्या त्या सगळ्यांच्या पडद्यावर एकच गोष्ट दिसेल. ती गोष्ट योग्य असेल, असं वचन त्यात नाही. 'कॉन्फ्लिक्ट-फ्री' हे नाव त्या अर्थाने थोडं फसवं आहे. संघर्ष डोंगरावर झालेलाच असतो, फक्त यंत्र त्यावर अडून बसत नाही.

म्हणून आम्ही 'शेवटचं खरं' हा नियम फार थोड्या जागी ठेवला. वजन आणि दंडघेर यांना तर तो लागतच नाही, कारण ही मापं एकावर एक लिहायचीच नसतात. प्रत्येक माप ही वेगळी घटना आहे. सोमवारचं ११.६ आणि मंगळवारचं ११.२ ही दोन्ही राहतात, संचात भर पडत जाते. जन्मतारखेसाठी दोन्ही उत्तरं ठेवून पडद्यावर शेजारी शेजारी दाखवतो. पुढच्या भेटीत जी कार्यकर्ती घरी जाईल ती लसीकरणाचं कार्ड बघून एक निवडते आणि तिची निवड आधीच्या दोन्हींना पुसते.

आता सुरुवातीच्या मुलाकडे येऊ. यादी म्हणजे संच. संचात फक्त भर घालायची असेल तर संयोग पुरतो. काढायचंही असेल तर पेच सुरू होतो, कारण एकीकडे नाव आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरून ते नव्याने आलं की काढलं गेलं हे कळत नाही. अ‍ॅमेझॉनच्या अभियंत्यांनी २००७ साली त्यांच्या 'डायनॅमो' या साठवणुकीबद्दल लिहिताना हे नोंदवून ठेवलं आहे: खरेदीच्या टोपलीच्या दोन प्रती जुळवताना घातलेली वस्तू कधी हरवत नाही, पण काढून टाकलेली वस्तू कधी कधी परत उगवते. टोपलीत ते चालून जातं. गिऱ्हाईक ती पुन्हा काढतं.

सीआरडीटीमध्ये याचं उत्तर असं: यादीत नाव घालण्याच्या प्रत्येक कृतीला वेगळी चिठ्ठी लावायची. अ ने तिची बारावी नोंद म्हणून त्या मुलाला यादीत घातलं, तर चिठ्ठी अ-१२. नाव काढणं म्हणजे मूल काढणं नव्हे. आपल्याला त्या क्षणी दिसत असलेल्या चिठ्ठ्या काढणं. सोमवारी ब ने कुलूप बघून नाव काढलं, तेव्हा तिने अ-१२ काढली. मंगळवारी क ने ११.२ लिहिलं. ११.५ च्या खालचं प्रत्येक माप मुलाला यादीत पुन्हा घालतं असा नियम आम्ही केला होता, म्हणून तिथे नवी चिठ्ठी तयार झाली, क-५. ब ला ती माहीतच नव्हती, त्यामुळे ती काढण्याचा प्रश्न नाही. गुरुवारी दोन्ही फोन भेटले. अ-१२ गेली, क-५ राहिली. मूल यादीत आहे.

ब च्या फोनला हे कसं कळतं, तेही बघण्यासारखं आहे. तिच्याकडे मघाच्या पाकिटांच्या तक्त्यासारखाच एक तक्ता असतो: कोणाची कितवी नोंद आपण पाहिली. त्यात लिहिलेलं असतं अ=१२, क=४. क चा फोन म्हणतो, माझ्याकडे अ-१२ आहे. ब चा फोन बघतो, अ च्या बारापर्यंतच्या नोंदी मी पाहिल्या आहेत आणि तरी ही माझ्याकडे नाही, म्हणजे मी ती काढली असणार. क-५ मात्र चारच्या पुढची, म्हणजे खरोखर नवी. काढलेल्या प्रत्येक नावाचं थडगं जपून ठेवण्याची गरज पडत नाही, एक छोटा तक्ता पुरतो. अट एकच: प्रत्येक फोनच्या नोंदी मध्ये खंड न पडता, क्रमाने आल्या पाहिजेत.

या तक्त्याची एक विचित्र दुखरी जागा आहे. समजा क चा फोन बिघडला, अ‍ॅप पुन्हा टाकलं आणि तिला जुनीच ओळख दिली. तिच्या नोंदी पुन्हा १ पासून सुरू होतील. इतर सगळ्यांच्या तक्त्यात क=५ आहे. तिची नवी क-१ बघून ते म्हणतील, ही तर आम्ही पाहिली आहे आणि आमच्याकडे नाही, म्हणजे ती काढलेली आहे. आणि भेटीनंतर ती नोंद खुद्द क च्या फोनवरूनही पुसली जाईल. नुकत्याच लिहिलेल्या नोंदी भेटीनंतर नाहीशा होत असतील, तर पहिला संशय याच्यावर घ्यावा. उपायही सोपा आहे. फोन ही माणसाची ओळख नव्हे. अ‍ॅप जितक्यांदा टाकलं तितक्यांदा नवी, यदृच्छेने काढलेली ओळख घ्यायची आणि जुना कप्पा तसाच पडून राहू द्यायचा.

पण 'मूल यादीत राहतं' हा निकाल गणिताने दिलेला नाही. घालणं जिंकेल असा नियम करता येतो, तसाच काढणं जिंकेल असाही करता येतो. दोन्हींत ते तिन्ही गुण आहेत, दोन्हींत सगळे फोन एकमताने वागतात. शोधनिबंधांत हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी असतात. निवड वाचणाऱ्यावर सोडलेली असते.

आम्ही हा प्रश्न संस्थेतल्या कामाचं नियोजन बघणाऱ्या ताईंपुढे ठेवला. मी चिठ्ठ्यांची चित्रं काढून दाखवली. त्यांनी ती फार बघितली नाहीत. म्हणाल्या, "तू मला एवढंच सांग, चुकलं तर काय होईल?" घालणं जिंकलं आणि ते चुकलं, तर एखादी कार्यकर्ती कुलूप लावलेल्या घरापर्यंत चढून जाईल आणि परत येईल. काढणं जिंकलं आणि ते चुकलं, तर एक आजारी मूल यादीत नसेल. "मग चढू दे," त्या म्हणाल्या. तो प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटला.

त्याच दुपारी त्यांनी उलटा नियमही करायला लावला. काही कुटुंबं मुलाचा फोटो काढायला परवानगी देतात आणि नंतर कधीतरी ती मागे घेतात. एका फोनवर परवानगी काढून घेतलेली आहे आणि दुसऱ्यावर त्याच सुमारास कोणी ती चालू ठेवली आहे. इथे काढणं जिंकलं पाहिजे. एक फोटो कमी झाला तर फार काही बिघडत नाही, पण 'नको' म्हटलेल्या घराचा फोटो राहिला तर दार बंद होतं. एकाच अ‍ॅपमध्ये, एकाच मुलाच्या नोंदीत, दोन शेजारच्या रकान्यांचे नियम एकमेकांच्या विरुद्ध आहेत. ते तसेच हवेत.

इथपर्यंत सगळं जमलं होतं. खाटांपाशी अडलं.

तीव्र कुपोषित मुलाला इतर काही आजारही असेल, तर त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करावं लागतं. तिथे आईला मुलासोबत साधारण दोन आठवडे राहावं लागतं. घरी इतर मुलं, रोजची मजुरी, म्हातारी माणसं. तिला तयार करायला कार्यकर्तीच्या तीन-चार फेऱ्या होतात. शेवटी ती हो म्हणते तेव्हा 'खाट मिळेल ना?' असं विचारते. ताईंना हवं होतं, की या प्रश्नाचं उत्तर कार्यकर्तीला तिथेच, नेटवर्कविना देता यावं.

समजा केंद्रात आपल्या पाड्यांसाठी या आठवड्यात सहा खाटा आहेत. पाच दिल्या गेल्या, हे अ आणि ब दोघींच्या फोनवर आहे. दोघींना एकेक खाट शिल्लक दिसते. दोघी वेगवेगळ्या डोंगरांवर एकेका आईला हो सांगतात. भेटल्यावर फोन बिनचूक जुळतात आणि दोन्हींवर तोच आकडा येतो: सहा खाटा, सात शब्द दिलेले. पूर्ण एकमत आहे, फक्त खाट नाही. एक बाई दिवसभर चालून उतरेल आणि परत पाठवली जाईल. पुढच्या वेळी ती येणार नाही.

हे नंतर जुळवण्याच्या कोणत्याही नियमाने सुटत नाही. सातवा शब्द रद्द करता येतो, पण तो दिला गेलेला असतो. 'सहापेक्षा जास्त नको' ही अट पाळायची तर शब्द देताना इतरांनी किती दिले हे माहीत असावं लागतं आणि तेच आपल्याला माहीत नाही. मोजणी, संच, मापं यांत हा प्रश्न येत नव्हता. तिथे एकीने लिहिलेलं दुसरीच्या लिहिण्याला बेकायदा ठरवत नव्हतं.

यावरची युक्ती सीआरडीटीपेक्षा जुनी आहे. १९८६ साली पॅट्रिक ओ'नील यांनी ती डेटाबेससाठी मांडली आणि २०१५ च्या सुमारास व्हाल्टर बालेगास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सीआरडीटीच्या मोजणीत बसवली. शिल्लक सगळ्यांना दाखवायचीच नाही. आधीच वाटून द्यायची. सहा खाटा असतील तर अ ला दोन, ब ला दोन, क ला दोन. प्रत्येकीने फक्त आपल्या वाट्यातून द्यायचं आणि त्यासाठी कोणालाही विचारायचं नाही. वाटा संपला की शब्द द्यायचा नाही. वाटा हस्तांतरित करता येतो, पण फक्त देणारीच तो आपल्या कप्प्यातून कमी करू शकते: अ ने ब ला एक दिली ही नोंद अ च्याच फोनवर तयार होते. त्यामुळे एकच खाट दोनदा खर्च होणं अशक्य होतं आणि नोंदी कितीही उशिरा, कितीही वेळा पोचल्या तरी हिशेब बिघडत नाही.

याची किंमत आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. क चा दोन खाटांचा वाटा लांबच्या डोंगरावर पडून राहू शकतो, जेव्हा अ च्या समोर तिसरं मूल असतं. तिला त्या आईला सांगावं लागतं, "खाट आहे की नाही, हे मला खाली जाऊनच सांगता येईल." ताईंनी यावर बराच वेळ विचार केला आणि एक खाट कोणालाच न देता स्वतःकडे ठेवली. त्या तालुक्याच्या गावात असतात, कड्यावरच्या झाडाखाली जाऊन त्यांना फोन लावता येतो. म्हणजे एका खाटेपुरता पंच परत आला. बाकी पाचांचा निवाडा सोमवारच्या बैठकीत, कोणतंही मूल समोर नसताना होतो. कोणत्या भागात मुलं जास्त, कोणाचा रस्ता लांब, हे बघून वाटे ठरतात.

आता मला वाटतं की सगळ्याच सीआरडीटींचं हे असंच आहे. पंच काढून टाकलेला नसतो, त्याचा निवाडा आधी लिहून घेतलेला असतो. 'घालणं जिंकेल' हा निवाडा आहे, 'दोन्ही तारखा ठेवा' हा निवाडा आहे. फरक एवढाच, की तो भांडणाच्या आधी, कोणाचंही नाव माहीत नसताना केलेला असतो आणि सातही फोनांच्या पोटात सारखाच असतो. सारखाच असणं मात्र अत्यावश्यक आहे. तीन फोनांवर नवं अ‍ॅप आणि चारांवर जुनं, आणि मधल्या काळात एखादा नियम बदललेला, असं झालं तर एकमताचं वचन तिथेच संपतं. म्हणून आमच्या अ‍ॅपच्या तळाशी एक चार आकडी संख्या दिसते, सगळ्या नोंदींवरून काढलेली. भेट झाल्यावर दोघी आपापला आकडा मोठ्याने वाचतात. तो जुळला नाही, तर आम्हाला कळवायचं.

तो आकडा जुळावा म्हणून आम्ही भरपूर चाचण्या केल्या. खोट्या नोंदी तयार करायच्या, त्यांचा क्रम पिसायचा, काही दोनदा पाठवायच्या, काही उशिरा पाठवायच्या आणि शेवटी सातही प्रती सारख्या आहेत का ते बघायचं. संगणक हे रात्रभर करू शकतो. सातही प्रती सारख्याच चुकलेल्या आहेत का, हे मात्र तो सांगू शकत नाही. त्यासाठी एक कागदी तक्ता होता. डावीकडे रकान्याचं नाव, उजवीकडे एकच प्रश्न: दोघींनी एकमेकींना न विचारता वेगवेगळं लिहिलं, तर काय? ताई आणि दोन कार्यकर्त्या यांनी तो ओळीओळीने भरला.

त्यात मुलाचं नाव ही एक ओळ होती. मी तिथे आधीच 'शेवटचं खरं' असं पेन्सिलीने लिहिलं होतं. नावात काय भांडण होणार. कार्यकर्त्या हसल्या. अंगणवाडीच्या दप्तरात एक नाव असतं आणि पाड्यावर हाक मारायचं दुसरंच असतं. दप्तरातल्या नावाने विचारलं तर शेजाऱ्यांनाही पत्ता लागत नाही, आणि हाकेच्या नावाने दवाखान्यात केसपेपर निघत नाही. ताईंनी पेन्सिलीचं खोडलं आणि लिहिलं, दोन्ही. आता प्रत्येक मुलाच्या नोंदीवर वर दोन नावं दिसतात, कधी तीनही. सातही फोनांवर ती एकाच क्रमाने दिसतात. तेवढं काम गणिताकडे आहे.